केकवरची चॉकलेट ड्रिप: आधी तापमान बघा, मग घट्टपणा

केकच्या कडेवरून खाली उतरणारे चॉकलेटचे ओघळ बघायला सोपे वाटतात. करायला घेतले की एक तर ते थेट बोर्डावर जाऊन साचतात, नाही तर कडेलाच गोळा होऊन बसतात. नवीन शिकणारे मग एकच उपाय करतात. पातळ वाटलं की चॉकलेट घालतात आणि घट्ट वाटलं की क्रीम ओततात. गडबड बहुतेक वेळा इथेच सुरू होते. गनाश, म्हणजे गरम क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट, गरम असलं की पातळच दिसतं. त्यात चॉकलेट वाढवलं की त्या घडीला बरोबर वाटतं, पण पायपिंग बॅगेत भरून दहा मिनिटं गेली की त्याची पेस्ट होते. म्हणून या लेखात एक नियम धरून चालू: तापमान मोजल्याशिवाय प्रमाणाला हात लावायचा नाही.

उदाहरणासाठी घरी नेहमी होणारा केक घेते. ७ इंच व्यासाचा, साधारण ४ इंच उंच, एक किलोच्या आसपासचा, बाहेरून नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम लावलेला. त्यावर डार्क कंपाउंडची ड्रिप करायची आहे. महिना एप्रिल आणि स्वयंपाकघरात ३३ अंश सेल्सियस. परदेशी व्हिडिओत 'रूम टेंपरेचरला येऊ द्या' असं सांगतात, तेव्हा त्यांच्या खोलीत २० ते २२ अंश असतात. आपल्या उन्हाळ्यात ते वाक्य पाळून उपयोग नाही.

काय काय लागेल

- डार्क कंपाउंड चॉकलेट १०० ग्रॅम, शिवाय हाताशी आणखी २० ग्रॅम बारीक चिरून
- फ्रेश क्रीम १०० ग्रॅम (दुकानात सहज मिळणारं, २५ टक्के फॅटचं)
- डिजिटल वजनकाटा
- टोचून तापमान बघायचा डिजिटल थर्मामीटर
- डिस्पोजेबल पायपिंग बॅग किंवा सॉस भरतात तशी प्लॅस्टिकची बाटली
- सिलिकॉनचा स्पॅच्युला, बारीक गाळणी, छोटा पॅलेट नाइफ
- टर्नटेबल
- स्टीलचा एक पेला, पाणी भरून फ्रिजमध्ये ठेवलेला

वजनकाट्याला पर्याय शोधू नका. चिरलेलं चॉकलेट वाटीत कधी दाबून बसतं, कधी सैल, आणि १५-२० ग्रॅमचा फरक सहज पडतो. ड्रिपसाठी तेवढा फरक पुरेसा आहे. थर्मामीटर नसेल तर चालवून नेता येतं, ते पुढे सांगते.

चॉकलेटच्या पाकिटामागे घटकांची यादी असते, ती एकदा वाचा. त्यात कोको बटर असेल तर ते खरं चॉकलेट. हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट असेल तर कंपाउंड. ड्रिप दोन्हींची होते. क्रीम मिसळल्यावर टेंपरिंगचा, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांना तापवून-गार करून घेण्याचा, प्रश्नच उरत नाही, त्यामुळे ड्रिपपुरतं कंपाउंड वापरण्यात काही कमीपणा नाही. चवीत फरक पडतो, आणि ग्राहक त्याचे पैसे देणार असेल तर खरं चॉकलेट जरूर घ्या. मात्र एका पाकिटावर बसवलेलं प्रमाण दुसऱ्या पाकिटाला तसंच्या तसं लावू नका. चॉकलेट बदललं की एकदा पेल्यावर चाचणी घ्यायचीच.

१. आधी केक थंड करा, गनाश नंतर

ओघळ खाली का थांबतो हे नीट समजलं की अर्धं काम होतं. गनाश कडेवरून स्वतःच्या वजनाने घसरतं. केकचा पृष्ठभाग गार असतो, त्यामुळे त्याला टेकलेला थर लगेच घट्ट व्हायला लागतो, वेग कमी होतो आणि थेंब एका जागी थांबतो. म्हणजे ओघळाला ब्रेक लावतो तो केकचा गारवा. केक कोमट असेल तर गनाश कितीही नेमकं जमवा, ते खाली जाणारच.

फायनल कोट झाला की केक फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही, निदान तासभर ठेवा. रात्रभर राहिला तर उत्तम. बाहेरची क्रीम बोटाने हलकेच दाबून पाहा, बोटाला चिकटायला नको.

फ्रीझर टाळायचं कारण असं की अति थंड केकवर गनाश दोन सेंटिमीटर उतरायच्या आधीच आळतं आणि ओघळ आखूड, जाड, गाठाळ होतात. शिवाय फ्रीझरमधून काढलेल्या केकला बाहेरच्या दमट हवेत लगेच पाणी सुटतं.

कोट करतानाच वरची कड सरळ आणि टोकदार ठेवा. स्क्रेपर फिरवल्यावर वर जी क्रीमची भिंत उभी राहते, ती पॅलेट नाइफने बाहेरून आत ओढून सपाट करा. कड बाहेरच्या बाजूला उतरती राहिली तर गनाश तुम्ही ठरवाल तिथून नाही, त्याला वाटेल तिथून घसरतं.

२. गनाश: क्रीम एकदम सगळी घालू नका

चॉकलेट बारीक चिरून कोरड्या भांड्यात घ्या. भांडं, सुरी, पाट, सगळं कोरडं हवं. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे दोन-चार थेंब गेले तर त्यातली साखर ओली होऊन एकमेकांना चिकटते आणि सगळं मिश्रण रवाळ, कोरडं होऊन बसतं.

क्रीम छोट्या पातेल्यात मंद आचेवर तापवा. कडेला बारीक बुडबुडे आले आणि वाफ दिसायला लागली की गॅस बंद. उकळी फुटू द्यायची नाही. उकळत राहिली तर पाणी उडतं आणि मोजलेलं प्रमाण बिघडतं. शिवाय फार गरम क्रीममुळे गनाश फुटायची भीती असते.

आता १०० पैकी ८० ग्रॅम क्रीम चॉकलेटवर ओता, उरलेली २० ग्रॅम वाटीत बाजूला ठेवा. दोन मिनिटं अजिबात हलवू नका. मग मधोमध स्पॅच्युला ठेवून लहान गोल फिरवत बाहेर या. आधी मिश्रण फुटल्यासारखं दिसेल, घाबरू नका, फिरवत राहा. थोड्या वेळात मध्यभागी चकचकीत गोळा दिसेल आणि तो पसरत पसरत सगळं एकजीव होईल. विस्क वापरू नका. त्याने हवा भरते आणि तेच बुडबुडे उद्या ओघळांवर खड्डे होऊन दिसतात. चॉकलेटचे तुकडे उरले असतील तर मायक्रोवेव्हमध्ये १० सेकंद, पुन्हा हलवा. शेवटी गाळणीतून गाळून घ्या. एक गाठ बॅगेच्या तोंडाशी अडकली की अख्खी रांग बिघडते, म्हणून ही पायरी मी कधी सोडत नाही.

चमक हवी असेल तर गरम असतानाच छोटा चमचाभर लिक्विड ग्लुकोज घाला. नसेल तरी अडत नाही.

३. ३२ अंशांपर्यंत उतरवा

गनाश केल्या केल्या ४५ ते ५० अंशांच्या आसपास असतं. या तापमानाला ते केकवर घातलं तर व्हिपिंग क्रीम वितळते, ओघळाखाली खाच पडते आणि कडेला तपकिरी-पांढऱ्या रेघा ओढल्या जातात. डार्क ड्रिपसाठी ३० ते ३२ अंश हा पट्टा बरोबर पडतो.

खोलीतच ३३ अंश असतील तर भांडं ओट्यावर ठेवून गनाश ३२ वर येणार कसं? एका परातीत माठातलं पाणी घ्या, त्यात भांडं ठेवा आणि हळूहळू हलवत राहा. मध्येच तापमान बघा. फ्रिजमध्ये भांडं ठेवू नका, बर्फाच्या पाण्यातही नको. कडेचं गनाश आळून जातं, मधलं गरमच राहतं आणि हलवल्यावर गाठी होतात. परातीतलं पाणी भांड्यात उडणार नाही एवढं सांभाळा. खोलीत एसी असेल तर ड्रिपपुरता लावा, पण पंखा बंद. वारा लागला की गनाशवर साय धरते.

थर्मामीटर नसेल तर स्वच्छ चमच्याने एक थेंब खालच्या ओठाच्या खाली लावून पाहा. तिथली त्वचा साधारण ३४ अंशांच्या जवळ असते, त्यामुळे ३१-३२ अंशांचं गनाश तिथे किंचित गार लागतं. कोमट लागलं तर अजून थांबायचं आहे. चमचा लगेच धुवायला टाका.

४. आता घट्टपणा तपासा

तापमान ३२ वर आलं, मगच या पायरीवर या. चमचा गनाशमध्ये बुडवून वर उचला आणि धार सोडा. धार पृष्ठभागावर पडल्यावर तिची रेघ तीन-चार सेकंद दिसून मग मिसळून गेली पाहिजे. लगेच गायब झाली तर पातळ, तशीच बसून राहिली तर घट्ट. अंदाजच सांगायचा तर घावनाच्या पिठापेक्षा घट्ट आणि इडलीच्या पिठापेक्षा सरसरीत.

मग खरी परीक्षा. फ्रिजमधला पाणी भरलेला पेला काढा, बाहेरून कोरडा पुसा, काठावरून एक थेंब सोडा. ओघळ उतरताना डोळ्यांदेखत मंदावला पाहिजे आणि अर्ध्या-पाऊण उंचीवर थांबला पाहिजे. पाणी भरलेलं असण्यालाही कारण आहे. रिकामा पेला हातात धरताच कोमट होतो आणि चाचणी फसवते.

पेल्यावर ओघळ किंचित आखूड थांबला तरी चालेल. स्टील उष्णता झटकन ओढून घेतं, हवा भरलेली व्हिपिंग क्रीम तेवढी ओढत नाही, त्यामुळे केकवर तोच ओघळ थोडा पुढे जातो. पेल्यावर तळापर्यंत गेला तर केकवर नक्की बोर्ड गाठणार.

आता निदान. प्रत्येक वेळी आधी थर्मामीटर, मग उपाय:

ओघळ खालपर्यंत पळाला आणि तापमान ३४-३५ निघालं, तर गनाश पातळ नाही, गरम आहे. परातीतल्या पाण्यात पाच मिनिटं हलवत थांबा. काहीही घालू नका.

ओघळ पळाला, पण तापमान ३१-३२ आहे, आणि वरच्या भागात ओघळ इतका विरळ दिसतोय की खालचं स्टील जाणवतं, तर गनाश खरोखर पातळ आहे. चिरून ठेवलेल्यातलं १० ग्रॅम चॉकलेट वेगळं वितळवून मिसळा. पुन्हा ३२ वर आणा, पुन्हा पेला.

ओघळ कडेखाली दोन बोटं जाऊन थांबला, टोकाशी फुगीर गोळा झाला आणि तापमान २८ आहे, तर मायक्रोवेव्हमध्ये ५ सेकंद. दहा नाही, पाचच, कारण एवढ्याशा गनाशला दहा सेकंदांत पुन्हा चाळीसच्या वर जायला वेळ लागत नाही.

आणि तापमान ३२ असूनही तो तसाच अडला, तर वाटीतली राखून ठेवलेली क्रीम आता कामाला येते. ती कोमट करून एक-एक छोटा चमचा घाला. आमच्या उदाहरणात ८० ग्रॅमवर गनाश थोडं आखूड पडतं आणि आणखी १० ग्रॅम क्रीम घातल्यावर पेल्याच्या निम्म्यावर थांबतं. म्हणजे १०० चॉकलेटला ९० क्रीम. तुमच्या पाकिटाला हा आकडा ८५ येईल किंवा पूर्ण १०० लागेल. जो येईल तो पाकिटाच्या नावासकट वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी थेट तिथून सुरुवात करता येईल.

गनाश फुटलं, म्हणजे तेल वेगळं होऊन ते दाणेदार दिसायला लागलं, तर बहुतेक ते जास्त तापलं आहे. चमचाभर कोमट दूध मध्यभागी घालून तिथूनच गोल फिरवायला लागा. एकत्र येईपर्यंत चमचा-चमचा घाला. वाचतं, पण थोडं पातळ होतं, म्हणून पुन्हा पेल्याची परीक्षा घ्यावी लागते.

५. केक बाहेर काढा आणि लगेच ड्रिप करा

सगळी तयारी झाली, बॅग भरली, पेल्यावर चाचणी झाली, आता केक फ्रिजमधून काढा. आधी नाही. मुंबई, कोकण, गोव्यातल्या दमट हवेत गार केकवर काही मिनिटांत पाण्याचा धुरकट थर येतो. या ओल्या भिंतीवर गनाश धरत नाही, ते सरकतं आणि पाण्याच्या थेंबाला वळसा घालून वाकडं उतरतं. केक ओला झालाच तर टिश्यूने पुसायला जाऊ नका, फिनिशिंग जाईल. डब्यात न घालता, उघडाच फ्रिजमध्ये परत ठेवा. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमधली हवा कोरडी असते, वीस-पंचवीस मिनिटांत पृष्ठभाग पुन्हा सुकतो.

बॅगेचं टोक २ ते ३ मिलिमीटर एवढंच कापा. बॅग पूर्ण तळहातात धरू नका. तळहाताच्या उबेने आतलं गनाश परत सैल होतं आणि शेवटचे ओघळ पहिल्यांपेक्षा लांब निघतात. वरचा पीळ धरा, खाली दोन बोटांचा आधार पुरे. हात जात्याच गरम असतील तर मध्ये घडी घातलेला नॅपकिन घ्या.

पहिला ओघळ केकच्या मागच्या बाजूला. टोक कडेच्या अगदी वर, पण वरच्या पृष्ठभागावरच टेकवा, दाबा आणि गनाश कडेवरून आपणहून ओलांडू द्या. बॅग भिंतीवरून खाली ओढत न्यायची नाही, त्याने ओघळाऐवजी रंगवलेली पट्टी दिसते. अर्धं मिनिट थांबा. ओघळ अर्ध्या उंचीच्या आसपास थांबला तर पुढे चला. जास्त खाली गेला तर बॅग बाजूला ठेवून दोन-तीन मिनिटं वाट बघा. केक तोवर फ्रिजमध्ये.

लांबी ठरते ती दाबावर. जास्त गनाश सोडलं की वजन जास्त, म्हणून ओघळ लांब. कमी सोडलं की आखूड. एक लांब, दोन आखूड, मग मध्यम, असं डोळ्यांना बरं वाटेल तसं करत जा. सगळे एका मापाचे आले तर छापल्यासारखे दिसतात. ७ इंची केकचा घेर साधारण ५६ सेंटिमीटर भरतो. दोन ते अडीच सेंटिमीटर अंतर ठेवलं तर २२ ते २८ ओघळ बसतात. याहून जवळ घेतले तर शेजारचे दोन खाली जाऊन एकमेकांना मिळतात.

चमच्याने ड्रिप करणारेही पुष्कळ आहेत. हात बसला की चमचा झकास, पण पहिल्या दोन-चार केकना बॅगच बरी, कारण दाब हळूहळू सोडता येतो.

६. मग मधला भाग

बाजू पूर्ण झाल्यावर उरलेलं गनाश वर मधोमध ओता आणि पॅलेट नाइफने ओघळांच्या मुळांपर्यंत न्या. कडेच्या आधी अर्धा सेंटिमीटर थांबा, उरलेलं अंतर टर्नटेबल एकदा हलकंसं फिरवलं की आपोआप भरतं. इथे हात दाबला तर गनाश कडेवरून जातं आणि मेहनतीने केलेल्या ओघळांवर दुसरा थर चढतो. तीन मिलिमीटरचा थर द्यायला ८०-९० ग्रॅम गनाश पुरतं, म्हणजे १९० ग्रॅममध्ये बाजू आणि वरचा भाग दोन्ही होऊन थोडं उरतं.

वर ओतायचं गनाश तोवर घट्ट झालं असेल तर ५ सेकंद गरम करा, पण ३२ च्या वर नेऊ नका. गरम गनाश खालच्या क्रीममध्ये खड्डा करतं.

आता केक १५ मिनिटं फ्रिजमध्ये. ड्रिप आळल्यावरच वर क्रीमची फुलं, फळं किंवा टॉपर. ओल्या गनाशवर क्रीमचं फूल काढलं की ते घसरत घसरत कडेपर्यंत येतं.

७. पांढरी आणि रंगीत ड्रिप

व्हाइट कंपाउंडमध्ये कोकोची पूड नसते, म्हणून तेवढ्याच क्रीममध्ये ते फार पातळ राहतं. इथे ९० ग्रॅम चॉकलेटला ३० ग्रॅम क्रीमपासून सुरुवात करा. तापवताना जास्त जपा, व्हाइट लवकर फुटतं आणि करपतं. ड्रिप करताना तापमानही थोडं खाली, २८ ते ३० अंशांत ठेवा. बाकी निदान तेच: तापमान, मग पेला, मग प्रमाण.

रंग तेलात विरघळणारा घ्या. पाण्यातला रंग थेंब-थेंब वाढवत गेलात तर व्हाइट गनाश कधी आळतं, कधी फुटतं. गडद लाल किंवा काळा रंग पहिल्याच दिवशी घेऊ नका, त्याला इतका रंग लागतो की चव कडवट होते. आणि रंग गनाश कोमट असताना घाला. ३० वर आल्यावर घातला तर घोटत बसावं लागतं आणि तेवढ्यात ते आळतं.

८. नेताना

गनाशमध्ये क्रीम असते, त्यामुळे ते फ्रिजबाहेर दगडासारखं कडक कधीच होत नाही. ३३ अंशांच्या खोलीत तासाभरात ड्रिप मऊ पडते आणि बोट लागलं की ठसा उमटतो. ओघळ सहसा खाली सरकत नाहीत, पण बॉक्सची बाजू टेकली तर पुसले जातात. म्हणून बॉक्स केकपेक्षा चारही बाजूंनी निदान एक इंच मोठा घ्या, बोर्ड बॉक्समध्ये सरकणार नाही असा चिकटवा आणि गाडीत सीटवर नाही, खाली सपाट जागेवर ठेवा. ग्राहक स्वतः न्यायला येणार असतील तर केक ते दारात आल्यावरच फ्रिजमधून काढा. घरी पोचल्यावर तो लगेच फ्रिजमध्ये ठेवायचा, कापायच्या अर्धा तास आधी बाहेर काढायचा, हेही त्यांना आधीच सांगा.

उरलेलं गनाश झाकणाच्या डब्यात, पृष्ठभागाला प्लॅस्टिक चिकटवून ठेवलं तर फ्रिजमध्ये चार-पाच दिवस चांगलं राहतं. पुन्हा ड्रिपला वापरायचं तर पाच-पाच सेकंद गरम करत, प्रत्येक वेळी हलवत ३२ वर आणा. थोडं पाणी उडालेलं असतं म्हणून ते आधीपेक्षा घट्ट निघतं, त्याला चमचाभर क्रीम लागते. तेवढा उत्साह नसेल तर थंड दुधात टाकून मिक्सरमधून फिरवा, घरातली मुलं डबा रिकामा करतील.